सर्टिफिकेशनची ओळ कशी लिहायची: वाचकांचे प्रश्न

माझ्याकडे एडब्ल्यूएसचं सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट आहे. रेझ्युमेवर बॅजही लावलाय. तरी सात-आठ महिन्यांत पुण्याहून एक फोन नाही. (लातूर)

तुमची पीडीएफ उघडून मी आधी एकच गोष्ट केली. सगळं सिलेक्ट करून कॉपी केलं आणि नोटपॅडमध्ये पेस्ट केलं. नोटपॅड कोरंच राहिलं. तुमचं नाव आलं नाही, फोन नंबर आला नाही, मग सर्टिफिकेशन कुठून येणार?

रेझ्युमे डीटीपी सेंटरवर कोरलड्रॉमध्ये केलाय आणि शेवटी अक्षरांचे कर्व्ह केलेत. लग्नपत्रिका किंवा फ्लेक्स छापायचा असेल तर ते बरोबरच आहे, कारण छापखान्यात तो फाँट नसला तरी अक्षरं बिघडत नाहीत. पण कर्व्ह केल्यावर अक्षर हे अक्षर राहत नाही, त्याचं चित्र होतं. कंपनीचं सॉफ्टवेअर रेझ्युमेतला मजकूर वेचून घेतं आणि रिक्रूटर त्या मजकुरात शब्द शोधतो. तुमच्या फाइलमध्ये वेचायलाच काही नव्हतं. बॅजचंही तसंच. माणसाला तो दिसतो, शोधाला तो कोरा चौकोन असतो.

रेझ्युमे वर्डमध्ये, एका कॉलममध्ये, पुन्हा टाइप करा. तुम्ही परीक्षा ऑगस्ट 2024 मध्ये पास झालात आणि एडब्ल्यूएसची मुदत तीन वर्षांची असते, म्हणून ओळ अशी होईल:

```
AWS Certified Solutions Architect – Associate | SAA-C03
Amazon Web Services | Issued: Aug 2024 | Expires: Aug 2027
Verify: https://www.credly.com/badges/<badge-id>/public_url
```

पूर्ण नाव लिहायचं, कारण अनेक रिक्रूटर ते अवतरणचिन्हांत घालून जसंच्या तसं शोधतात. नुसतं ‘एडब्ल्यूएस सर्टिफाइड’ लिहिलं तर त्या शोधात तुम्ही येत नाही. परीक्षेचा कोड लिहायचा, कारण काही जण कोडनेच शोधतात. महिना अक्षरात लिहायचा. 08/09/2024 ही तारीख आपल्याला आठ सप्टेंबर वाटते, पण परदेशी सॉफ्टवेअरला ती नऊ ऑगस्ट वाटू शकते. आणि लिंक डोळ्यांना दिसेल अशी पूर्ण लिहायची. ‘इथे क्लिक करा’ या शब्दांमागे ती लपवली तर मजकूर वेचताना शब्द तेवढे राहतात आणि पत्ता गळून पडतो.

मग हीच माहिती नोकरी डॉट कॉमच्या प्रोफाइलमध्ये सर्टिफिकेशनच्या रकान्यांत भरा. नाव, क्रमांक, लिंक आणि मुदत यांना तिथे वेगवेगळे रकाने आहेत, सगळं नावाच्याच रकान्यात कोंबू नका. लिंक्डइनवर संस्थेचं नाव टाइप करताना खाली यादी येते, तिच्यातूनच निवडा. यादीतून निवडलं की तुमची नोंद त्या संस्थेच्या पानाशी जोडली जाते आणि लोगो दिसतो. लोगोच्या जागी करडा चौकोन दिसला तर जोडणी झालेली नाही असं समजा.

आणखी एक. तुमच्या प्रोफाइलवर सध्याचं ठिकाण लातूर आहे आणि पसंतीचं ठिकाण रिकामं आहे. रिक्रूटर सर्टिफिकेशनसोबत शहर, अनुभव आणि नोटिस पिरियड यांचेही फिल्टर लावतो. पुणे भरल्याशिवाय वरची सगळी मेहनत त्याच्या यादीपर्यंत पोचणारच नाही.

मी नोव्हेंबर 2024 ला डीपी-203 पास झालो. आता ती परीक्षाच बंद झाली म्हणे. रेझ्युमेवरून काढून टाकू का? (नांदेड)

काढू नका, पण आत्ता लिहिलीय तशी ठेवूही नका. तुमच्या ओळीत ‘मायक्रोसॉफ्ट सर्टिफाइड’ एवढंच आहे, तारीख एकही नाही. वाचणारा समजतो की ते आजही चालू आहे.

मायक्रोसॉफ्टच्या असोसिएट आणि एक्स्पर्ट पातळीच्या सर्टिफिकेशनची मुदत एक वर्ष असते. मुदत संपण्याच्या सहा महिने आधीपासून ती ऑनलाइन चाचणी देऊन वाढवता येते, आणि त्या चाचणीला पैसे लागत नाहीत. तुमची अडचण तारखांची झाली. तुमची मुदत नोव्हेंबर 2025 पर्यंत होती, म्हणजे नूतनीकरणाची खिडकी मे 2025 मध्ये उघडणार होती. पण डीपी-203 आणि तिच्यावरचं अझूर डेटा इंजिनिअर असोसिएट हे सर्टिफिकेशन 31 मार्च 2025 लाच निवृत्त झालं. खिडकी उघडण्याआधीच दार बंद झालं. तुम्ही आळस केला नाही, हे मुलाखतीत सरळ सांगा. या क्षेत्रातल्या माणसाला ते लगेच कळतं. ओळ अशी लिहा:

```
Microsoft Certified: Azure Data Engineer Associate | DP-203
Microsoft | Issued: Nov 2024 | Expired: Nov 2025 | Exam retired: Mar 2025
```

यात शोधाला लागणारे शब्द सगळे आहेत, आणि खोटं काही नाही. या ओळीसाठी ‘मागील सर्टिफिकेशन्स’ असा वेगळा मथळा करा, चालू असलेल्यांत मिसळू नका.

तारखेचा एवढा आग्रह कशासाठी, असं तुम्हाला वाटेल. क्लाउडची कामं घेणाऱ्या अनेक आयटी कंपन्या एडब्ल्यूएस किंवा मायक्रोसॉफ्टच्या पार्टनर असतात. पार्टनरची पातळी टिकवायला त्यांना ठरावीक संख्येने सर्टिफाइड माणसं दाखवावी लागतात, आणि मोजणीत फक्त चालू मुदतीचीच धरली जातात. म्हणून अर्जात ‘तुमचं सर्टिफिकेशन सध्या वैध आहे का’ असा थेट प्रश्न येतो. तुम्ही ‘हो’ म्हणालात आणि पडताळणीत मुदत संपलेली निघाली, तर तुमच्या बाकीच्या रेझ्युमेवरचाही विश्वास जातो. मी स्वतः उमेदवार निवडायला बसत होतो तेव्हा अशी चांगली मुलं हातची गेलेली पाहिली आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांची नुसती तारीख लिहायची राहून गेली होती. फसवायचा हेतू कुणाचाच नव्हता.

डेटा इंजिनिअरिंगच करायचं असेल तर मायक्रोसॉफ्टकडे आता फॅब्रिक डेटा इंजिनिअर असोसिएट आहे, परीक्षा डीपी-700. ती पास झालात की ती ओळ वर जाईल. आणि हो, तुमच्याकडे एझेड-900 देखील आहे. फंडामेंटल्स पातळीच्या सर्टिफिकेशनला मुदत नसते. तिथे मुदतीची जागा रिकामी ठेवू नका, `No expiry` असं लिहा. रिकामी जागा पाहिली की वाचणारा शंका घेतो.

लिंक दिली होती, तरी मुलाखत घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या की उघडत नाही. माझ्या लॅपटॉपवर तर व्यवस्थित उघडते. (जालना)

तुमच्या लॅपटॉपवर उघडते कारण तिथे तुम्ही लॉगिन केलेलं आहे. तुम्ही दिलेला पत्ता हा आहे:

```
https://learn.microsoft.com/en-us/users/me/credentials
```

यातल्या `me` चा अर्थ ‘जो आत्ता लॉगिन आहे तो’. मॅडमनी तो उघडला तर त्यांना त्यांचंच खातं दिसेल, किंवा लॉगिन मागितलं जाईल. त्याऐवजी प्रोफाइलमध्ये त्या सर्टिफिकेशनच्या तपशिलात जा, तिथलं शेअर बटण दाबा आणि मिळेल तो पत्ता घ्या. एडब्ल्यूएसच्या बॅजसाठी वापरतात त्या क्रेडलीवरही हीच चूक होते. `credly.com/earner/earned` ने सुरू होणारा पत्ता तुमच्या खात्याच्या आतल्या पानाचा असतो. लोकांना दाखवायचा पत्ता `badges` ने सुरू होतो आणि त्याच्या शेवटी `public_url` असतं. क्रेडलीवर आधी बॅज स्वीकारावा लागतो आणि तो सार्वजनिक ठेवावा लागतो, नाहीतर बरोबर पत्ताही काही दाखवत नाही.

पाठवण्याआधी लिंक इन्कॉग्निटो विंडोमध्ये उघडा. त्याहून बरं म्हणजे घरातल्या कुणाच्या तरी फोनवर उघडा. तुमचं नाव, सर्टिफिकेशनचं नाव आणि तारीख या तिन्ही गोष्टी लॉगिनशिवाय दिसल्या पाहिजेत.

गूगल ड्राइव्हवर सर्टिफिकेटचा फोटो टाकून त्याची लिंक देणारेही भरपूर आहेत. ती पडताळणी नव्हे. फोटो कुणीही टाकू शकतं. लिंक सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेची असली तरच तिला किंमत आहे.

माझ्या परीक्षा माहेरच्या नावाने झाल्यात. आधार आणि पॅन आता सासरच्या नावाने आहे. रेझ्युमेवर कोणतं नाव लिहू? (परभणी)

वर आजचं, कागदपत्रांवरचं नाव लिहा. सर्टिफिकेशनच्या मथळ्याखाली एक ओळ टाका: `Certificates issued in former name:` आणि पुढे बॅजवर जसं आहे तसंच नाव, त्याच क्रमाने. लिंक उघडणाऱ्याला दुसरंच नाव दिसलं तर तो सर्टिफिकेट उसनं आहे असं समजू शकतो. ही ओळ असली की तो प्रश्न उरत नाही.

सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेच्या मदत विभागाकडे नाव बदलाचा अर्जही करा, सोबत विवाह नोंदणीचा दाखला किंवा गॅझेट जोडा. पुढची परीक्षा देण्याआधी हे झालंच पाहिजे, कारण केंद्रावर नोंदणीतलं नाव ओळखपत्राशी जुळवून बघतात आणि जुळलं नाही तर बसू देत नाहीत.

आपल्याकडे आणखी एक घोळ होतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं असतं. मुलं परीक्षेच्या नोंदणीत तेच तसंच भरतात आणि आडनाव ‘फर्स्ट नेम’ होऊन बसतं. रेझ्युमेवर मात्र आडनाव शेवटी असतं. म्हणून नोंदणी करतानाच फर्स्ट नेमच्या रकान्यात स्वतःचं नाव आणि लास्ट नेममध्ये आडनाव टाका.

युडेमीवर सोल्युशन्स आर्किटेक्टचा पूर्ण कोर्स केलाय आणि सर्टिफिकेट मिळालंय. मुख्य परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. दोन्ही सर्टिफिकेशनमध्ये टाकू का? (बीड)

दोन्ही नको. कोर्स पूर्ण केल्याचं सर्टिफिकेट युडेमीचं आहे, एडब्ल्यूएसचं नाही. ते ‘प्रशिक्षण’ या मथळ्याखाली लिहा आणि देणाऱ्याच्या जागी युडेमीच लिहा. ‘एडब्ल्यूएस सर्टिफाइड’ हे दोन शब्द परीक्षा पास होईपर्यंत तुमच्या रेझ्युमेत कुठेही येऊ देऊ नका, शोधात वर यायचा मोह झाला तरी. परीक्षेची तारीख पक्की असेल तर प्रशिक्षणाच्याच खाली `Exam scheduled: SAA-C03` आणि महिना लिहा. निकाल आला की बॅज स्वीकारा, लिंक घ्या, आणि त्या दिवशीच ती ओळ बदला.