'नेस्टोरियन' म्हणावं की 'पूर्वेचं चर्च'?

"चीनमधल्या जुन्या ख्रिस्ती लोकांना मराठीत 'नेस्टोरियन मिशनरी' लिहितात. हे बरोबर आहे का? ते स्वतःला काय म्हणवत?"

'नेस्टोरियन' टाळावं. हे विरोधकांनी चिकटवलेलं नाव आहे. कॉन्स्टँटिनोपलचा बिशप नेस्टोरियस याला 431 साली एफेससच्या परिषदेत दोषी ठरवलं; या चर्चची स्वतंत्र घडी मात्र 410 सालीच पर्शियात, सेल्युकिया-क्टेसिफॉनच्या सभेत बसली होती. मराठीत 'पूर्वेचं चर्च' लिहावं. त्यांच्या उपासनेची भाषा सुरियानी, तिला 'सीरियन' म्हणू नये.

चीनमध्ये त्यांनी आपल्या धर्माला 'जिंगज्याव' म्हटलं, म्हणजे तेजस्वी शिकवण. हे नाव शिआनच्या 781 सालच्या शिलालेखावर आहे. मजकूर चिनी, शेजारी सुरियानी ओळी आणि बाजूंवर सत्तरच्या आसपास धर्मसेवकांची नावं. शिला उभारणारा यज्दबोझिद हा खूमदानचा, म्हणजे राजधानी चांगआनचा, उपबिशप. त्याचा बाप मिलिस बल्खचा पुरोहित आणि मुलगा आदाम डीकन. 'मिशनरी' म्हटल्यावर आपल्यापुढे येतो तो सातासमुद्रापलीकडून आलेला एकटा पाद्री. इथे तर अख्खं घराणं व्यापारी वाटेवर वसलेलं दिसतं. म्हणून 'धर्मसेवक' किंवा 'मठवासी' हे शब्द मला जास्त नेमके वाटतात.

याच शिलेवर एक चूक आहे आणि ती फार बोलकी आहे. तीत प्रमुख, म्हणजे 'कॅथोलिकोस', म्हणून हनानीशोचं नाव कोरलंय. तो आधीच वारला होता, पहिला तिमोथी गादीवर बसला होता, पण बगदादची बातमी अजून पोचली नव्हती. इतक्या लांबून कारभार चालवायचा म्हणून दूरच्या प्रांतांवर 'मेट्रोपोलिटन', म्हणजे प्रांताचे मुख्य बिशप, नेमत. पुढे नवव्या शतकात कॅथोलिकोस थिओडोसियसने समरकंद, हिंद आणि चीनच्या मेट्रोपोलिटनांना सभेला येण्यातून सूट दिली. सहा वर्षांतून एक पत्र धाडलं की पुरे. (सहाव्या शतकातला ग्रीक लेखक कॉस्मस 'कल्लियाना' इथे पर्शियातून नेमलेला बिशप असल्याचं सांगतो, ते आपलं कल्याण, असं बरेच अभ्यासक मानतात.)

चीनमध्ये मठ उभा होता तो बादशहाच्या फर्मानावर. 638 च्या फर्मानाने राजधानीत एक मठ आणि 21 भिक्षूंना परवानगी मिळाली. 845 साली वूत्सुंग बादशहाने परदेशी धर्मांवर हात टाकला. मुख्य रोख बौद्धांवर होता, पण ख्रिस्ती आणि जरथुष्ट्री मिळून सुमारे 3,000 भिक्षूंनाही संसारात परत पाठवलं. बौद्ध सावरले, कारण गावोगावी चिनी भक्त होते. ख्रिस्ती लोकांचा मात्र मठ गेला की मागे फारसं काही उरत नव्हतं. चीनला पाठवलेल्या, अरबस्तानातल्या नज्रानच्या एका भिक्षूने 987 साली बगदादला सांगितलं, की तिथले ख्रिस्ती संपले.

मंगोलांच्या काळात ते पुन्हा दिसतात, तेव्हा चिनी कागदपत्रांत त्यांना 'येलिकेवेन' म्हटलंय. म्हणून 'जिंगज्याव' हा शब्द तांग राजवटीपुरताच, म्हणजे त्या शिलालेखाच्या काळापुरताच वापरावा.