व्हाउचर मारलं तरी नेट बंद का?

प्रश्न: अकाउंटला 38 रुपये टॉकटाइम आहे, परवा 12 जीबीचं डेटा व्हाउचर मारलंय, तरी आज ना कॉल लागतोय ना नेट. उरलेला डेटा पुढे जात नाही का?

तुमचा मूळ प्लॅन संपलाय. ॲपमध्ये शिल्लक बघू नका, प्लॅनची शेवटची तारीख बघा.

टॉकटाइम म्हणजे नुसते पैसे. 10 रुपयांचं टॉप-अप मारलं की जीएसटी वगैरे कापून 7.47 रुपये जमा होतात. पण त्या पैशांनी सिम चालू राहत नाही, चालू राहतं ते व्हॅलिडिटीवर, आणि ती मूळ प्लॅनच देतो. ती संपली की आधी आउटगोइंग बंद होतं, मग काही दिवसांनी इनकमिंगही. हां, 90 दिवस सिम वापरलं नाही आणि खात्यात 20 रुपये असले, तर ट्रायच्या नियमाने ते कापून नंबर आणखी 30 दिवस राखून ठेवतात. राखून ठेवतात एवढंच, कॉल लागत नाही.

आता व्हाउचर. सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर असलेल्या आमच्या मेव्हण्याचं असंच झालं होतं. त्याचा 28 दिवसांचा, रोज 1.5 जीबीचा प्लॅन 3 तारखेला सुरू झालेला. रिचार्जचा दिवसही धरतात, म्हणजे तो 30 तारखेला रात्री संपणार. सौद्याचे व्हिडिओ पाठवून रोजचा डेटा पुरेना, म्हणून पठ्ठ्याने 29 ला संध्याकाळी 12 जीबीचं व्हाउचर मारलं. 30 ला आधी नवा 1.5 जीबी खर्ची पडला, मग व्हाउचरला हात लागला. जेमतेम 2 जीबी वापरला असेल, तेवढ्यात रात्रीचे बारा वाजले.

पुढचं सगळं व्हाउचरच्या बारीक अक्षरांवर. व्हॅलिडिटी ‘बेस प्लॅनइतकी’ असेल तर उरलेला 10 जीबी प्लॅनबरोबरच गेला, दुसऱ्या दिवशी नवा रिचार्ज केला तरी परत येत नाही. मेव्हण्याचं हेच होतं. स्वतःची 30 दिवसांची मुदत लिहिली असेल तर डेटा अजून आहे, फक्त अडकलाय. मूळ प्लॅन मारला की बहुधा सुरू होतो. मात्र मधले दिवस त्याच मुदतीतून जातात, तेव्हा रिचार्ज लांबवू नका.

म्हणून आधी मूळ प्लॅन, मग व्हाउचर. प्लॅनचे दोन-तीनच दिवस उरले असतील तर एका दिवसाचं छोटं व्हाउचर घ्या. दुकानदार मोठंच गळ्यात मारतो, तिकडे लक्ष देऊ नका.

रोजचा उरलेला डेटा प्रीपेडमध्ये सहसा मध्यरात्री जातोच. व्हीआयच्या काही प्लॅनमध्ये सोमवार ते शुक्रवारचा उरलेला शनिवार-रविवारी वापरता येतो, पण सोमवार उजाडला की तोही गेला.