फरशीसाठी स्टील फायबर किती मागवावे?

मकरपुऱ्यातील आपल्या शेडचा हिशोब क्षेत्रफळावर नव्हे, घनमीटरवर करा. 20 मीटर लांब, 12 मीटर रुंद आणि 150 मिलिमीटर जाड फरशीला 36 घनमीटर काँक्रीट लागते. खालचा मुरूम कुठेच अगदी सपाट नसल्यामुळे 5 टक्के जादा धरून 37.8 घ्या. डिझाइनरने घनमीटरला 25 किलो स्टील फायबर सांगितले असेल, तर 945 किलो, म्हणजे 20 किलोच्या 48 पिशव्या होतात. घनमीटरमागचा हा आकडा फरशीवरचा भार आणि फायबरच्या प्रकारानुसार ठरतो, म्हणून शेजारच्या शेडचा उचलू नका. घनमीटरला किलोभर पडणारे बारीक पॉलिप्रॉपिलीन फायबर सुरुवातीच्या आकुंचनाच्या भेगा आवरते. ते स्वस्त असले तरी स्टीलच्या जागी चालत नाही.

नवखे बहुधा तयार काँक्रीट आणणाऱ्या गाडीपाशी चुकतात. 6 घनमीटरच्या गाडीला 150 किलो, म्हणजे साडेसात पिशव्या लागतात. ती अर्धी पिशवी अंदाजाने न ओतता तोलून घ्या. सगळे एकदम ओतले की गोळे होतात, म्हणून हळूहळू टाकून ड्रम पूर्ण वेगाने चार-पाच मिनिटे फिरवा. शंका आल्यास 10 लिटर ताजे काँक्रीट धुऊन चुंबकाने फायबर गोळा करा, ते सुमारे 250 ग्रॅम भरले पाहिजे.