बारावा हप्ता सराफाचा, पण घडणावळ कुणाची?

प्रश्न: महिना 5,000 रुपयांच्या सुवर्ण योजनेचे अकरा हप्ते मी भरले, बारावा दुकान भरणार आहे. पुढच्या महिन्यात वर्ष पूर्ण होतंय. दुकान प्रायव्हेट लिमिटेड आहे. आता ते म्हणतात, ‘दोन महिने थांबा, मुदतवाढीच्या कागदावर सही करा.’ शिवाय मला घडणावळ 14 टक्के लावणार, सध्या ऑफरमध्ये इतर गिऱ्हाइकांना 8 टक्के आहे. सही करू का? की सरळ 60,000 रोख मागू?

उत्तर: ताई, सही करू नका. कंपनीने मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम 365 दिवसांच्या आत मालापोटी वळती झाली, तरच 2014 च्या ठेव नियमांनुसार ती ठेव धरली जात नाही. हे दिवस प्रत्येक हप्ता दुकानाने स्वीकारला त्या तारखेपासून मोजतात, म्हणजे तुमच्या पहिल्या हप्त्याची मुदत सर्वात आधी संपते. दोन महिने पुढे गेलात तर ती रक्कम ठेव ठरेल आणि कायदा मोडेल दुकान, पण ‘माझ्याच संमतीने उशीर झाला’ असा कागद त्यांच्या हाती पडेल.

रोख 60,000 मात्र मागू नका. बारावा हप्ता ही खरेदीवरची सूट आहे, म्हणून ती बहुधा दागिन्यावरच मिळते. रोखीत तुमचे 55,000 मागता येतात, तेही दुकानाने माल दिला नाही तर किंवा योजनेच्या अटीत परताव्याची सोय असेल तर.

आता ही सूट खरोखर किती, ते पाहा. तुमचा पहिला हप्ता बारा महिने दुकानाकडे राहतो, अकरावा फक्त दोन. सरासरी सात महिने. त्यावर 5,000 म्हणजे सरळव्याजाने वर्षाला सुमारे साडेपंधरा टक्के. बँकेच्या ठेवीपेक्षा कितीतरी जास्त. पण 60,000 च्या बिलात 3 टक्के जीएसटी आणि 14 टक्के घडणावळ वजा केली, तर सोनं साधारण 51,100 रुपयांचं येतं. त्यावर सहा टक्के जादा घडणावळ आणि तिचा जीएसटी मिळून सुमारे 3,160 रुपये होतात. पाच हजारांतले उरले 1,840, म्हणजे परतावा सहा टक्क्यांच्याही खाली. मला यातली ही घडणावळीची बाजूच सर्वात जास्त खटकते, कारण हप्ते भरताना ती कुणी सांगत नाही.

योजनेच्या कार्डावर ‘ऑफर लागू नाही’ असं छापलेलं नसेल, तर 8 टक्क्यांचा आग्रह धरा आणि ऑफरच्या जाहिरातीचा फोटो ठेवा. दुकानाला आजच लेखी कळवा: मुदतवाढ मान्य नाही, वर्ष पूर्ण होण्याआधी अमुक तारखेला दागिना घ्यायला येते, माल नसेल तर 55,000 परत करा. पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती आणि सगळ्या हप्त्यांच्या पावत्या जपा.

परताव्याची रक्कम देय झाल्यापासून पंधरा दिवसांत मिळाली नाही, तर 2019 च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्यानुसार ती ठेव मानली जाते. तेव्हा पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे जाता येतं. तुमच्या एकटीच्या पैशांसाठी आणि घडणावळीच्या वादासाठी जिल्हा ग्राहक आयोग जास्त सोयीचा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही, मात्र वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हायला हवी.