आजोबांच्या स्लाइडशोत फोटोंचा क्रम

प्रश्न: आजोबांच्या आठवणीसाठी स्लाइडशो करतोय. ६० फोटो आहेत. क्रम कसा लावू, खाली काय लिहू?

उत्तर: काळाचा क्रमच ठेवा, पण शेवटचा फोटो आधी निवडून बाजूला काढा. नाहीतर अखेरीस आजारपणातले फोटो येतात आणि तोच थकलेला चेहरा मनात राहतो. शेवटी तब्येत चांगली असतानाचा, हसरा फोटो हवा. आजारपणातला एखादाच घ्या, नातवाचा हात धरलेला वगैरे.

४० फोटो पुरेत. प्रत्येकी ६ सेकंद धरले तर ४ मिनिटं होतात. ओळ मोजक्याच फोटोंना द्या, आणि 'प्रेमळ', 'कष्टाळू' न लिहिता घडलेलं लिहा: 'सायकलची सीट त्यांनी कधी सोडली, कळलंच नाही.' अशा फोटोला ९ सेकंद द्या. मागे बसलेल्या वयस्कर माणसांनाही सावकाश वाचता यायला हवं.