रुग्णाच्या कार्डावर एक गोष्ट लपवून ठेव

प्रिय,

तुझा निरोप मिळाला. सिव्हिलच्या मदत कक्षावर कॉलेजची मुलं बसणार, त्यांना तयार करणाऱ्या प्रशिक्षकांची तयारी तू करून घेणार, असं कळलं. म्हणजे तुझ्यासमोर बसलेल्यांना दोन कामं शिकायची आहेत. आलेल्या माणसाचं स्वागत करून त्याला मदत विचारणं हे एक, आणि दुसरं कोणी ते करत असताना नीट बघून, काय दिसलं ते त्या करणाऱ्याला नेमकं सांगणं हे दुसरं. पहिलं दोन तासांत जमतं. दुसऱ्यासाठी जास्त वेळ ठेव.

भूमिकानाट्याचा सराव बहुतेक ठिकाणी एकाच कारणाने फसतो. रुग्ण झालेला माणूस नाटक करतो, कण्हतो, लंगडतो, सगळे हसतात, आणि शेवटी टाळ्या वाजवून ‘छान झालं’ म्हणतात. यावर उपाय म्हणजे रुग्ण होणाऱ्याला त्याची भूमिका लिहून जे कार्ड देतो, त्यावर एक गोष्ट अशी लिहायची, जी स्वयंसेवकाला माहीत नाही आणि रुग्णाने आपणहून सांगायची नाही. मग रुग्णाला नाटक करायची गरज उरत नाही. त्याला फक्त ती गोष्ट सांभाळायची असते, आणि स्वयंसेवकाला ती हळूच ओळखायची असते. खऱ्या ओपीडीत हेच तर चालतं.

तिघांचे गट कर: स्वयंसेवक, रुग्ण आणि निरीक्षक. प्रसंग तीन मिनिटांचा, त्यावरचं बोलणं पाच मिनिटांचं, आणि मग तोच प्रसंग तीच माणसं पुन्हा करतील. वेळ कमी पडला की हा दुसरा फेरा सगळ्यात आधी कापला जातो, पण तो कापू नकोस. ऐकलेली सूचना लगेच करून बघितली नाही तर ती वहीतच राहते. आणखी एक, शांत हॉलमध्ये सराव घेऊ नकोस. बाकीच्यांना रांग लावून मोठ्याने बोलायला लाव. सकाळी नऊ वाजता केसपेपरच्या खिडकीसमोर जो गोंगाट असतो, त्यात कोणता आवाज पोचतो आणि कोणता हरवतो, हे शांततेत कळत नाही.

पहिला प्रसंग फक्त पहिल्या दहा सेकंदांचा ठेव. रुग्ण दारातून येतो आणि स्वयंसेवक त्याच्याशी बोलायला लागतो, एवढंच. निरीक्षकाने चारच गोष्टी बघायच्या: मोबाइल खाली गेला का, टेबलामागून उठून पुढे आला का, नमस्कार करताना चेहऱ्याकडे बघितलं का, आणि आपण कोण ते सांगितलं का. शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त सुटते. सरकारी दवाखान्याच्या फाटकाशी कोणी आपणहून जवळ आलं की गावाकडचा माणूस आधी सावध होतो. हा बाहेरच्या लॅबचा माणूस असेल, पैसे मागेल, असं त्याच्या मनात येतं. म्हणून ‘नमस्कार काका, मी इथली स्वयंसेवक आहे, पैसे लागत नाहीत, रस्ता दाखवायला उभी आहे’ एवढं वाक्य ओळखपत्र पुढे करून म्हणायला लाव. हाक काय मारायची, याचाही सराव हवा. काका, ताई, दादा सहसा चालतात. पन्नाशीच्या बाईला ‘आजी’ म्हटलं की ती मनातून मिटते. ‘मावशी’ आणि ‘मामा’ ही हाक दवाखान्यात आया आणि वॉर्डबॉयसाठी रुळलेली आहे, हे मुलांना आधी सांगून ठेव, नाहीतर हाक रुग्णाला मारायची आणि मागे वळून बघणार झाडूवाली मावशी.

आता खरा विषय. मदत विचारायची कशी? ‘काही मदत हवी का?’ या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर येतं: ‘नको नको.’ माणूस भिडस्त असतो, आणि कसली मदत मिळू शकते हे त्याला माहीतही नसतं. म्हणून एक पूर्ण प्रसंग लिहून देते, तो जसाच्या तसा वापर.

कार्डावर लिही: ‘तुम्ही पंचावन्न वर्षांच्या बाई. प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन आलात. मुलगा गाडी लावायला गेलाय. तुम्हाला वाचता येत नाही. हे आपणहून सांगायचं नाही. कोणी वाचायला सांगितलं तर हो म्हणायचं आणि तिथेच उभं राहायचं.’ स्वयंसेवकाला एवढंच सांग की एक बाई दारात थांबल्या आहेत.

पहिल्या फेऱ्यात बहुतेक वेळा असं होतं. स्वयंसेवक विचारतो, ‘ताई, मदत हवी का?’ बाई म्हणतात, ‘नाही, मुलगा येतोय.’ तो म्हणतो, ‘बरं, समोरच्या बोर्डावर सगळं लिहिलंय, बघून घ्या.’ बाई म्हणतात, ‘हो हो.’ तो टेबलाकडे परततो. बाई बोर्डाकडे तोंड करून उभ्या राहतात. तीन मिनिटं संपतात. दोघांनाही वाटतं की सगळं सभ्यपणे पार पडलं.

आता बोलण्याचा क्रम सांभाळ. आधी रुग्ण झालेल्या व्यक्तीने बोलायचं, आणि तेही फक्त आपल्याला काय झालं ते: ‘बोर्ड वाचा म्हटल्यावर मी हो म्हणाले, कारण नाही म्हणायची लाज वाटली.’ मग स्वयंसेवक बोलेल, आणि निरीक्षक सगळ्यांत शेवटी. निरीक्षक आधी बोलला की बाकी दोघे स्वतःचा बचाव करायला लागतात. निरीक्षकाने कागदावर दोन रकाने आखायचे, एकात ‘दिसलं’, दुसऱ्यात ‘ऐकलं’. तिसरा रकाना नाही. ‘तू घाईत होतास’ हे कुठल्याच रकान्यात बसत नाही. ‘बाई हो म्हणाल्या तेव्हा त्यांची नजर बोर्डावर फिरत नव्हती, आणि तू तोपर्यंत वळला होतास’ हे बसतं. पहिल्या वाक्यावर भांडण होतं, दुसऱ्यावर होत नाही. तुझे प्रशिक्षक हा फरक हाताळायला लागले की तुझं अर्धं काम झालं समज. त्यासाठी त्यांचे कागद गोळा करून वाच. ‘छान’, ‘आत्मविश्वास कमी’, ‘सौजन्यपूर्ण’ असे शब्द दिसले तर प्रत्येकाखाली लिही: काय बघून म्हणतोस?

आणि सूचना एका वेळी एकच. इथे ती अशी असेल: ‘मदत हवी का’ विचारू नकोस, करता येईल अशी एक गोष्ट पुढे कर. दुसऱ्या फेऱ्यात तोच मुलगा म्हणतो, ‘ताई, चिठ्ठी आणलीय का? बघू का मी?’ बाई चिठ्ठी देतात. तो ती वाचून म्हणतो, ‘अकरा नंबरची खोली. आधी त्या निळ्या खिडकीवर केसपेपर काढायचा. तुमचा मुलगा येईपर्यंत मी रांगेत सोबत थांबतो, चालेल?’ वाचता येतं का, हा प्रश्न आलाच नाही, आणि येऊही नये. बोर्डाऐवजी निळी खिडकी सांगितली, म्हणजे वाचण्याची अडचणही गेली. दोन्ही फेऱ्यांत नेमकं काय बदललं, ते निरीक्षकाला मोठ्याने वाचायला लाव.

या चिठ्ठीवरून आठवलं. एका कार्डावर रुग्णाची चिठ्ठी एआरटी केंद्राची ठेव, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांसाठी आलेला माणूस. मदत करायच्या उत्साहात मुलं चिठ्ठी मोठ्याने वाचतात, आणि मागे सगळी रांग ऐकत असते. कोणाला एचआयव्ही आहे हे गुप्त ठेवणं 2017 च्या कायद्यानेही बंधनकारक आहे. कायदा समजावून सांगत बसू नकोस, त्याऐवजी रांगेत उभ्या केलेल्यांना विचार, ‘तुम्हाला काय काय ऐकू आलं?’ त्यांनी आजाराचं नाव सांगितलं तर सूचना आपोआप मिळाली. सवय अशी लागायला हवी की विभागाचं नाव घ्यायचंच नाही, खोलीचा नंबर सांगायचा, आणि तो सगळ्यांनाच तसा सांगायचा. ठरावीक लोकांनाच नंबर सांगितला तर नंबरच बोभाटा करतो. ‘काय होतंय तुम्हाला?’ हा प्रश्न दारात नकोच, तो डॉक्टरांचा.

पांढरी काठी घेतलेल्या माणसाचा प्रसंग डोळ्यांवर पट्टी बांधून सगळ्यांना एकेकदा करायला लाव. इथे मुलं हमखास दंड धरून माणसाला पुढे ढकलत नेतात. आधी समोरून बोलायचं, नाव सांगायचं, ‘सोबत चालू का?’ विचारायचं. हो म्हटलं तर आपलं कोपर पुढे करायचं, ते त्यांनी धरायचं, आणि आपण अर्धं पाऊल पुढे चालायचं. पायऱ्या आल्या की चढायच्या की उतरायच्या ते थांबून सांगायचं. बसायचं असेल तर त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर टेकवायचा, बाकीचं ते बघतील. मोकळ्या जागेत सोडून ‘आलोच’ म्हणून निघून जायचं नाही, भिंत किंवा बाक हाताला लागेल असं उभं करायचं. पट्टी बांधलेल्याला नंतर एकच विचार: कोणत्या क्षणी पाय थबकला? तिथे सांगायचं काय राहून गेलं, ते लगेच सापडतं. आणि काही कार्डांवर सरळ लिही: ‘मला मदत नको, रस्ता माहीत आहे.’ तिथे ‘बरं, मी इथेच आहे’ म्हणून बाजूला होणं हेच बरोबर उत्तर. दोनदा आग्रह केला तर ती चूक म्हणून नोंदवायची.

पैशांचं एक कार्ड असू दे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपर आणि उपचार मोफत आहेत, तरी माणसं अजून हातात सुटे पैसे घेऊन येतात. पण वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या विभागाची. आपलं सिव्हिल मेडिकल कॉलेजला जोडलंय का, तिथे काय लागतं, हे अधीक्षकांच्या कार्यालयातून आधी विचारून घे आणि मगच कार्ड लिही. मोठ्या ऑपरेशनच्या खर्चाचा प्रश्न आला तर स्वयंसेवकाने महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राच्या टेबलापर्यंत सोबत जायचं, आपल्या तोंडाने ‘होईल फुकट’ म्हणायचं नाही. ‘मला माहीत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांच्याकडे नेतो’ हे वाक्य मुलांना जड जातं. म्हणून त्याचाही सराव हवाच. निरीक्षकाने फक्त एवढं बघायचं की बोट दाखवलं की सोबत गेला.

कार्डं लिहून झाली की मला पाठव. प्रत्येक कार्डावर लपवलेली गोष्ट खरंच लपते का, ते वाचून सांगते. तुझ्या सिव्हिलचे खोली नंबर आणि खिडक्यांचे रंग मात्र स्वतः फिरून लिहून घे. नकाशावर जे असतं ते रंगकामानंतर बरंच बदललेलं असतं.

तुझी ताई