फ्री प्लॅन की फ्री ट्रायल: क्लासच्या सॉफ्टवेअरचे पैसे कधी मागायचे?

प्रश्न: खासगी क्लासेससाठी फी आणि हजेरीचं सॉफ्टवेअर बनवलंय. 14 दिवसांचा फ्री ट्रायल दिलाय. लोक साइन-अप करतात, पण पैसे भरायची वेळ आली की गायब. कायमचा फ्री प्लॅन काढू का? आणि पैसे नेमके कधी मागावेत?

उत्तर:

कायमचा फ्री प्लॅन काढू नका. ट्रायलच ठेवा, पण 14 दिवसांचा नको. क्लासवाल्याला तुमच्या सॉफ्टवेअरचा खरा उपयोग फी वसुलीच्या वेळी कळतो आणि बहुतेकांच्या बाबतीत ती वेळ 14 दिवसांत येतच नाही. मी छोट्या व्यवसायांना सॉफ्टवेअर विकण्याचं आणि त्यांच्या किमती ठरवण्याचं काम करतो, आणि ही गल्लत मला सारखी दिसते.

आधी फ्री प्लॅनबद्दल. तो कुणाला परवडतो ते बघा. ड्रॉपबॉक्सने 2 जीबी जागा फुकट दिली, कारण एकाने फोल्डर शेअर केलं की समोरच्यालाही खातं उघडावं लागायचं. म्हणजे फुकट वापरणारा माणूसच त्यांची जाहिरात करत होता. झूमचंही तसंच, मीटिंगची लिंक आली की दहा जण आपोआप झूम बघतात. तुमच्याकडे हे होत नाही. समोरच्या गल्लीतला क्लासवाला हा तुमच्या ग्राहकाचा स्पर्धक आहे, त्याला तो चांगलं सॉफ्टवेअर कशाला सुचवेल? पावतीच्या तळाशी तुमचं नाव छापलेलं पालकांना दिसेल, तेवढाच काय तो प्रसार. तो जरूर ठेवा, पण त्यातून हजारो क्लास येणार नाहीत.

दुसरं म्हणजे खर्च. उदाहरणापुरते आकडे धरू, तुमचे खरे आकडे घालून हाच हिशोब पुन्हा करा. एका क्लासात 60 विद्यार्थी, पालकांना महिन्याला चार मेसेज, एका मेसेजला 25 पैसे. म्हणजे एका क्लासमागे महिन्याला ₹60. असे 1,000 क्लास फ्री प्लॅनवर आले, तर नुसत्या मेसेजचे ₹60,000. त्यातल्या शंभरात तिघांनी ₹500 महिन्याचा प्लॅन घेतला, तर येणार ₹15,000. यात "सर, पावती प्रिंट होत नाहीये" असे फोन घेणाऱ्या माणसाचा पगार धरलेलाच नाही. आणि माझा अनुभव असा की फोन सगळ्यात जास्त फुकटवाल्यांचेच येतात, कारण नवखे तेच असतात.

मेसेज बंद ठेवून फ्री प्लॅन दिला तर? मग तुम्ही त्याच्या हातात फक्त एक वही दिलीत. वही त्याच्याकडे आहेच. बाकी फीची आठवण वेळेवर पालकांपर्यंत जाणं हाच तर तुमच्या मालाचा गाभा आहे, तो काढून घेतल्यावर त्याला पैसे भरावेसे वाटतील असं उरतं काय?

फुकट काय आणि विकत काय याची रेघ कुठे मारायची, याचं आपल्याकडचं उत्तम उदाहरण म्हणजे टॅली. कॉमर्सच्या पोरांनी त्याचा एज्युकेशनल मोड वापरलेला असतो. त्यात व्हाउचर टाकता येतात, रिपोर्ट बघता येतात, पण तारीख टाकायची ती 1, 2 किंवा 31 एवढीच. शिकणाऱ्याचं काहीच अडत नाही, पण खऱ्या दुकानाचा रोजचा हिशोब त्यावर चालूच शकत नाही. विद्यार्थी फुकट शिकतो आणि पुढे नोकरीला लागल्यावर मालकाला टॅलीच घ्यायला लावतो. रेघ मारताना त्यांनी पैसे देऊ शकणारा आणि न देऊ शकणारा अशी विभागणी बरोबर केली आहे. तुमच्याकडे तशी विभागणी करायची झाली, तर घरी दहा-पंधरा मुलांना शिकवणाऱ्या ताई एका बाजूला आणि दोन-तीन बॅचेसचा क्लास दुसऱ्या बाजूला, अशी होईल. पुढेमागे 15 विद्यार्थ्यांपर्यंत, बिनमेसेजचा, फोन सपोर्ट नसलेला फ्री प्लॅन काढता येईल. पण आज नको. एकदा दिलेली फुकट गोष्ट परत घेणं फार अवघड जातं. वेबसाइट आणि ॲप चालवायला सर्व्हर देणाऱ्या हेरोकूने 2022 च्या नोव्हेंबरमध्ये फ्री प्लॅन बंद केले, तेव्हा वर्षानुवर्षं प्रोजेक्ट ठेवलेल्या लोकांना धावपळ करून बिऱ्हाड हलवावं लागलं. मोठ्या कंपनीला असा रोष झेपतो, तुम्हाला झेपणार नाही.

आता ट्रायलकडे. लोक गायब होतात म्हणताय, पण ते तीन वेगवेगळ्या ठिकाणी गायब होतात. गेल्या काही महिन्यांची साइन-अप यादी एक्सेलमध्ये काढा आणि प्रत्येक नावापुढे लिहा: विद्यार्थी भरले का, पावती फाडली का, आठवणीचा मेसेज पाठवला का. ज्यांनी विद्यार्थीच भरले नाहीत, त्यांच्यापुढे किमतीचा प्रश्न आलेलाच नाही, ते नावं टाइप करायच्या कंटाळ्याने गेले. त्यांच्यासाठी रजिस्टरचा फोटो किंवा एक्सेल मागवून तुम्ही स्वतः डेटा भरून द्या. ज्यांनी विद्यार्थी भरले पण एकही आठवण पाठवली नाही, ते उपयोग दिसायच्या आधीच ट्रायल संपल्यामुळे गेले. किमतीचा प्रश्न फक्त तिसऱ्यांचा असतो, ज्यांनी सगळं वापरलं आणि तरी भरले नाहीत. त्यांना फोन करा. ही यादी सहसा छोटी निघते.

दुसरा गट मोठा निघेल असा माझा अंदाज आहे, आणि त्याचं कारण क्लासच्या वर्षात आहे. दहावीचे वर्ग सुट्टीतच सुरू होतात, बाकीच्यांचे प्रवेश जूनमध्ये. बरेच क्लास फी हप्त्यांनी घेतात, पहिला प्रवेशाच्या वेळी, दुसरा दिवाळीच्या अलीकडे, उरलेला जानेवारीच्या सुमारास. समजा एका सरांनी 20 जुलैला साइन-अप केलं. पहिला हप्ता जमा झालेला, दुसरा ऑक्टोबरमध्ये. त्यांच्या 14 दिवसांत फीचं काहीच घडत नाही. ते हजेरी घेतात, दोन स्क्रीन बघतात आणि 3 ऑगस्टला तुम्ही पैसे मागता. कशाचे?

ऑफिसातल्या टीमसाठी चॅटचं ॲप बनवणाऱ्या स्लॅकचं या बाबतीतलं निरीक्षण लक्षात घेण्यासारखं आहे. आपापसात 2,000 मेसेज झालेल्या टीमने स्लॅक खऱ्या अर्थाने वापरून पाहिलं, असं ते धरायचे, आणि अशा टीमपैकी 93 टक्के टिकून राहिल्याचं त्यांच्या संस्थापकाने सांगितलं होतं. त्यांनी मोजले ते मेसेज, दिवस नव्हेत. तुमच्याकडचा असा टप्पा मला वाटतं "आठवण गेल्यावर जमा झालेली पहिली थकबाकी" हा असेल. खात्री करायची तर वरच्याच एक्सेलमध्ये पैसे भरलेल्यांची नावं वेगळी काढा आणि त्यांनी भरण्यापूर्वी कोणती गोष्ट केली होती, जी सोडून गेलेल्यांनी केली नव्हती, ते बघा.

म्हणून ट्रायल असा ठेवा. साइन-अपपासून दिवस मोजू नका, दहावा विद्यार्थी भरला की मोजायला लागा. शेवट धरा फीची पहिली देय तारीख उलटल्यावर दहा दिवसांनी. महिन्याच्या महिन्याला फी घेणाऱ्यांचा ट्रायल यात चाळीसेक दिवसांत संपतो. हप्तेवाल्यांसाठी कमाल 90 दिवसांची मर्यादा घाला. वरच्या जुलैतल्या सरांचं तेवढ्यातही कदाचित भागणार नाही, म्हणून नोंदणीच्या वेळीच त्यांना विचारा, "पहिल्या हप्त्यातलं कुणाकडून येणं बाकी आहे?" अशी चार-पाच नावं निघतातच. ती पहिल्याच दिवशी भरून घ्या आणि आठवण पाठवायला लावा. मग ऑक्टोबरची वाट बघावी लागणार नाही.

किंमत मात्र पहिल्या दिवसापासून दिसू द्या, शेवटी अचानक समोर आली की माणूस बिथरतो. आणि मागणी करायची ती वसुली झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, त्यांच्याच आकड्यांत. स्क्रीनवर असं यावं: "या महिन्यात 11 पालकांकडे ₹38,500 बाकी होती. आठवण गेल्यानंतर 7 पालकांनी ₹24,500 भरले. हे पुढे चालू ठेवण्यासाठी वर्षाचे ₹5,000." एवढंच. खाली वैशिष्ट्यांची जंत्री नको. हा मेसेज सर बघतील त्या खात्यावर गेला पाहिजे, हजेरी भरणाऱ्या मुलीच्या खात्यावर नव्हे.

मासिकाऐवजी वार्षिक रक्कम सुचवली, त्यालाही कारण आहे. परदेशी सॉफ्टवेअर ट्रायलच्या सुरुवातीलाच कार्ड घेतात आणि मुदत संपली की आपोआप पैसे कापतात. आपल्याकडे ते तसंच्या तसं चालत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ऑक्टोबर 2021 पासून कार्डावरच्या आवर्ती वजावटीसाठी ग्राहकाची वेगळी संमती आणि किमान 24 तास आधी सूचना लागते. शिवाय फुकट सेवेसाठी कार्डाचे तपशील किंवा ऑटो-डेबिटची परवानगी सक्तीने घेणं हे 2023 च्या डार्क पॅटर्नविषयीच्या, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या स्क्रीन-मांडणीविषयीच्या, केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत ग्राहकाला अडकवण्याचा प्रकार म्हणून मोडतं. क्लासवाले तर कार्ड मागितलं की तिथूनच परत फिरतात. त्यापेक्षा हप्त्याची फी जमा झालेली असताना यूपीआयने एकदाच वर्षाचे पैसे घेणं त्यांनाही सोपं आणि तुम्हालाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये मागायला गेलात तर "जूनमध्ये बघू" हेच ऐकाल, आणि ते खरंच सांगत असतात.

ट्रायल संपल्यावर पैसे आले नाहीत, तर नवीन पावत्या आणि मेसेज थांबवा, पण जुना डेटा बघता येऊ द्या आणि एक्सेलमध्ये उतरवून घेऊ द्या. पालकांच्या फीचा हिशोब ओलीस धरलात तर ते सर इतर दहा क्लासवाल्यांना सांगतील, आणि मघाशी म्हटलं ते स्पर्धेचं कारण तक्रारीला लागू पडत नाही. मुदतवाढ मागितली तर ज्यांनी विद्यार्थी भरलेत त्यांनाच द्या, आणि तीही पुढच्या देय तारखेपर्यंतच.

हा बदल आता केलात तर त्याचा खरा निकाल एका पूर्ण हप्त्यानंतरच दिसेल. तोवर पैसे किती आले यापेक्षा साइन-अप केलेल्यांपैकी किती जणांनी पहिली आठवण पाठवली, हा आकडा दर आठवड्याला बघत राहा.